बंगल्याचा आराखडा मोजणीच्या नकाशावर अचूक बसवताना : बेस पॉइंटचा विचार

कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या प्लॉटची टोटल स्टेशनवर मोजणी झाली आणि सर्वेअरची फाइल कार्यालयात आली. त्याच वेळी बंगल्याचा आराखडा आमच्याकडे तयार होता. तो मिलिमीटरमध्ये काढलेला होता आणि त्यातल्या सगळ्या भिंती आडव्या-उभ्या होत्या. सर्वेअरची फाइल मात्र मीटरमध्ये होती आणि रस्त्याकडची हद्द तिरकी धावत होती. पुण्यात कर्वे रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्या पाहिल्या, तर प्लॉटची हद्द आपल्या पडद्यावरच्या X अक्षाला समांतर मिळण्याचा योग क्वचितच येतो. म्हणून एक आराखडा दुसऱ्यावर बसवण्याचे हे काम येथील प्रत्येक ड्राफ्ट्समनच्या वाट्याला वारंवार येते. ऑटोकॅडमधील मूव्ह, कॉपी, रोटेट, स्केल आणि अलाइन या पाचही आज्ञा या एकाच कामात लागतात. त्यामुळे त्या सुट्या सुट्या सांगण्याऐवजी मी हेच काम क्रमाने मांडतो.

आधी उदाहरणातली मापे लक्षात घ्यावीत. सर्वेअरने स्थानिक सहनिर्देशक धरले होते. रस्त्याकडच्या हद्दीचा डावा कोपरा, ज्याला आपण ‘अ’ म्हणू, 500.000, 300.000 येथे आहे. उजवा कोपरा ‘ब’ 514.400, 304.200 येथे आहे. म्हणजे X मध्ये 14.4 मीटर आणि Y मध्ये 4.2 मीटर फरक आहे, आणि हद्दीची लांबी बरोबर 15 मीटर येते. बंगल्याची दर्शनी भिंत 11000 मिलिमीटर लांब आहे. रस्त्याच्या हद्दीपासून 4500 आणि डाव्या हद्दीपासून 2000 इतके सामासिक अंतर सोडायचे ठरले आहे.

बेस पॉइंट म्हणजे नेमके काय, याची समज पक्की नसेल तर पुढची प्रत्येक पायरी नशिबावर सोडल्यासारखी होते. मूव्ह आणि कॉपीमध्ये बेस पॉइंट ही पकडण्याची मूठ असते : जिथे धरले तो बिंदू नव्या जागी नेमका जाऊन बसतो आणि बाकीचे सगळे त्याच्यामागून जाते. रोटेट आणि स्केलमध्ये तोच बिंदू खिळ्यासारखा असतो : फिरवताना किंवा मोठे-लहान करताना चित्रातला फक्त तो एक बिंदू जागचा हलत नाही. दोन्ही प्रकारांत बेस पॉइंट निवडलेल्या वस्तूवरच असला पाहिजे असे मुळीच नाही. रिकाम्या जागेतला बिंदूही चालतो, आणि पुढे आपण त्याचाच उपयोग करणार आहोत.

पहिले काम दोन्ही चित्रे एका एककात आणण्याचे. बांधकामाचे नकाशे मिलिमीटरमध्ये राहणार असल्यामुळे मोजणीची फाइल हजार पटीने मोठी करायची. मोजणीची मूळ फाइल तशीच जपून ठेवून तिची प्रत उघडावी, सगळे लेयर चालू, वितळलेले आणि अनलॉक करावेत आणि मग पुढील आज्ञा द्यावी.

```
SCALE
Select objects: ALL
Specify base point: 0,0
Specify scale factor or [Copy/Reference]: 1000
```

येथे बेस पॉइंट 0,0 घेण्याला कारण आहे. मूळ बिंदूभोवती हजार पट केल्यावर कोपरा ‘अ’ 500000, 300000 येथे जातो. म्हणजे सर्वेअरच्या वहीतला प्रत्येक आकडा हजाराने गुणला की आपल्या चित्रातला आकडा मिळतो, आणि उद्या त्याने झाडाचे किंवा गटाराच्या झाकणाचे नवे सहनिर्देशक पाठवले तर ते थेट मांडता येतात. याउलट, जवळ दिसतो म्हणून ‘अ’ हाच बेस पॉइंट घेतला, तर ‘अ’ 500, 300 येथेच राहतो आणि बाकीचे सगळे त्याच्याभोवती पसरते. लांब्या आणि कोन तेव्हाही बरोबरच दिसतात. त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण सर्वेअरच्या आकड्यांशी चित्राचे नाते तुटलेले असते. ते परत जोडताना फार वेळ जातो.

लेयर उघडे करण्याची सूचना वरवरची वाटेल, पण तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. `ALL` दिले तरी गोठवलेल्या आणि लॉक केलेल्या लेयरवरच्या वस्तू निवडल्या जात नाहीत. लॉक असलेल्यांविषयी आज्ञेच्या ओळीत तशी नोंद येते. गोठवलेल्यांविषयी येत नाही. पुढे कधीतरी तो लेयर उघडला की शेजारच्या प्लॉटची कुंपणे मूळ बिंदूजवळ एखाद्या ठिपक्याएवढी सापडतात.

दुसरी तयारी उंचीची आहे. टोटल स्टेशनच्या मोजणीत बिंदूंना Z मूल्येही असतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटी धरून उंची नोंदवली असेल तर मोजणीतले बिंदू आराखड्याच्या पातळीपासून तितके वर तरंगत असतात, आणि वरून पाहताना ते कळत नाही. अशा बिंदूला एंडपॉइंट स्नॅपने पकडले की आपला आराखडाही त्या उंचीवर उचलला जातो. मग दोन रेषा डोळ्यांना छेदताना दिसतात, पण त्यांचा छेदबिंदू सापडत नाही, ट्रिम होत नाही आणि अंतरे थोडी जास्त येतात. दोन कोपऱ्यांच्या उंची वेगळ्या असतील तर अलाइन करताना आराखडा चक्क तिरपा झुकू शकतो. म्हणून `OSNAPZ` चे मूल्य 1 करून ठेवावे, म्हणजे स्नॅप केलेला बिंदू चालू पातळीवरच उतरतो. काम संपल्यावर ते पुन्हा 0 करावे. `OSNAPZ` 0 असतानाच `ID` ने कोपरे पकडून Z समोर शून्य आहे का, हे पाहिले तर चित्रात उंची आहे की नाही, ते लगेच कळते.

आता आराखडा मोजणीच्या फाइलमध्ये आणायचा. आराखड्याच्या फाइलमध्ये `COPYBASE` देऊन बेस पॉइंट म्हणून दर्शनी भिंतीचा डावा बाहेरचा कोपरा घ्यावा आणि मोजणीच्या फाइलमध्ये मोकळ्या जागी पेस्ट करावा. पेस्ट झाल्याबरोबर दर्शनी भिंतीची लांबी मोजावी. ती 11000 आली पाहिजे. 11 किंवा 11000000 आली तर दोन फाइलींच्या एककांच्या नोंदींत फरक आहे असे समजून तो आधी दुरुस्त करावा आणि पुन्हा पेस्ट करावे.

याच टप्प्यावर कॉपी आज्ञेने आराखड्याची एक साक्षीप्रत बाजूला ठेवण्याची माझी सवय आहे. `COPY` देऊन आराखडा निवडावा, बेस पॉइंट म्हणून कोणताही कोपरा घ्यावा आणि दुसऱ्या बिंदूसाठी `@100000,0` लिहावे, म्हणजे 100 मीटर उजवीकडे न फिरवलेला, न ताणलेला आराखडा राहतो. पुढे शंका आली की कोणतेही माप त्याच्याशी ताडून पाहता येते. कॉपी ही आज्ञा एंटर दाबेपर्यंत पुढच्या प्रती मागत राहते, त्यामुळे एक प्रत ठेवून लगेच बाहेर पडावे. नाहीतर पुढच्या क्लिकला नकळत दुसरी प्रत पडते आणि एकावर एक बसलेल्या दोन भिंती नंतर त्रास देतात.

यानंतर मुख्य हालचाल. बहुतेक जण येथे बंगल्याचा कोपरा प्लॉटच्या कोपऱ्यावर आणतात, फिरवतात आणि मग सामासिक अंतरासाठी `@2000,4500` देऊन सरकवतात. ही पद्धत सरळ प्लॉटवर चालते. तिरक्या प्लॉटवर चुकते, कारण 2000 आणि 4500 ही अंतरे X आणि Y अक्षांच्या दिशेने मोजली जातात, हद्दीच्या दिशेने मोजली जात नाहीत. अंतरे आराखडा सरळ असतानाच हिशेबात घेतली तर हा प्रश्न उरत नाही. बंगल्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून 2000 डावीकडे आणि 4500 खाली जो रिकामा बिंदू आहे, तोच आराखड्याच्या दृष्टीने प्लॉटचा कोपरा आहे. त्यालाच बेस पॉइंट करायचे.

```
MOVE
Specify base point or [Displacement] <Displacement>: FROM
Base point:  (बंगल्याचा डावा पुढचा कोपरा, एंडपॉइंट स्नॅपने)
<Offset>: @-2000,-4500
Specify second point or <use first point as displacement>:
          (कोपरा ‘अ’, एंडपॉइंट स्नॅपने)
```

दुसरा बिंदू टंकलिखित करण्याऐवजी स्नॅपने पकडावा असे मी आग्रहाने सांगतो. डायनॅमिक इनपुट चालू असताना दुसऱ्या बिंदूसाठी `500000,300000` लिहिले तर ऑटोकॅड ते बेस पॉइंटपासूनचे अंतर समजते आणि आराखडा भलतीकडे जातो. लिहायचेच असेल तर पुढे `#` चिन्ह लावून `#500000,300000` असे लिहावे लागते. दुसरा सापळा याहून जास्त लोकांना गाठतो : दुसऱ्या बिंदूच्या ठिकाणी नुसते एंटर दाबले गेले, तर बेस पॉइंटचे सहनिर्देशक हेच सरकवण्याचे अंतर धरले जाते. आपल्या चित्रात बेस पॉइंट शेकडो मीटरच्या आकड्यांत असल्यामुळे आराखडा तितकाच दूर उडतो आणि पडद्यावरून नाहीसा होतो. तो पुसला गेलेला नसतो. अशा वेळी एक `U` देऊन परत यावे. शोधून ओढून आणण्याचा प्रयत्न करू नये.

आराखडा आता जागेवर आला आहे, पण सरळ आहे. तो हद्दीच्या दिशेने फिरवायचा आहे, आणि या पायरीवर झालेली एक चूक मला अजून आठवते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी `DIST` ने अशाच एका हद्दीचा कोन पाहिला, आज्ञेच्या ओळीत 16 दिसला, आणि मी रोटेटमध्ये 16 लिहून मोकळा झालो. ऑटोकॅडच्या मूळ मांडणीत कोन पूर्ण अंशांत गोल करून दाखवला जातो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. लाइनआउटच्या दिवशी साइटवर दोरी ताणल्यावर दूरच्या टोकाला फरक निघाला आणि खुंट्या उपटून पुन्हा ठोकाव्या लागल्या.

आपल्या उदाहरणात हिशेब करून पाहता येतो. 4.2 भागिले 14.4 या चढाचा कोन 16.2602 अंश आहे. त्याऐवजी 16 लिहिले तर 0.26 अंशाची तूट राहते, आणि 15 मीटरच्या टोकाला ती सुमारे 68 मिलिमीटर होते. 16.3 लिहिले तरी 10 मिलिमीटर राहतातच. कोनातली चूक बेस पॉइंटजवळ शून्य असते आणि अंतराबरोबर वाढत जाते. म्हणून ‘अ’ पाशी झूम करून सगळे नीट बसले आहे असे समाधान मानण्यात अर्थ नाही. पाहायचे ते दूरचे टोक.

कोन वाचायचा नाही, लिहायचा नाही. तो चित्राकडूनच घ्यायचा. त्यासाठी रोटेटमध्ये रेफरन्स हा पर्याय आहे.

```
ROTATE
Specify base point:  (कोपरा ‘अ’)
Specify rotation angle or [Copy/Reference] <0>: R
Specify the reference angle <0>:  (दर्शनी भिंतीचे डावे टोक)
Specify second point:  (दर्शनी भिंतीचे उजवे टोक)
Specify the new angle or [Points] <0>:  (कोपरा ‘ब’)
```

येथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वस्तू निवडताना फक्त आराखडा निवडला जावा; मोजणीची एखादी रेषा सोबत आली तर तीही फिरते, म्हणून मोजणीचे लेयर या वेळी लॉक करून ठेवणे उत्तम. भिंतीची टोके डावीकडून उजवीकडे या क्रमाने द्यावीत, कारण उलट दिली तर बंगला 180 अंशांनी फिरून रस्त्यावर जाऊन बसतो. तिसरी बाब म्हणजे शेवटच्या प्रश्नाला एकच बिंदू दिला, तर नवा कोन बेस पॉइंटपासून त्या बिंदूपर्यंत मोजला जातो. आपला बेस पॉइंट ‘अ’ आहे आणि दिलेला बिंदू ‘ब’ आहे, म्हणून हद्दीची दिशा नेमकी मिळते. बेस पॉइंट दुसरीकडे असता, तर `P` लिहून ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही दाखवावे लागले असते.

स्केल आज्ञेतही असाच रेफरन्स पर्याय आहे, आणि सर्वेअरची फाइल न मिळता मोजणी नकाशाचा नुसता स्कॅन मिळतो तेव्हा तो कामी येतो. चित्र जोडून घ्यावे, `R` द्यावे, नकाशावरच्या ज्ञात लांबीची दोन टोके दाखवावीत आणि तिची खरी लांबी लिहावी. या वेळी सर्वांत लांब ज्ञात लांबी निवडावी, कारण लांबी जितकी कमी, तितकी टोक पकडताना होणारी चूक मोठी होऊन सगळ्या चित्रावर पसरते. मग दुसऱ्या दिशेची एखादी ज्ञात लांबी मोजून पाहावी. ती जुळली नाही तर कागद किंवा स्कॅन एका दिशेने ताणला गेला आहे. स्केल आज्ञा दोन्ही दिशांना एकच गुणक लावते, त्यामुळे तो दोष तिने दुरुस्त होत नाही. अशा स्कॅनवर बंगल्याची जागा निश्चित करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; तो फक्त अंदाजासाठी वापरावा.

आता अलाइनकडे वळू. आराखड्याच्या फाइलमध्ये प्लॉटची हद्दही काढलेली असेल, तर सरकवणे आणि फिरवणे ही दोन्ही कामे अलाइन एका आज्ञेत करते. आराखड्यातला डावा कोपरा आणि ‘अ’ ही पहिली जोडी, आराखड्यातला उजवा कोपरा आणि ‘ब’ ही दुसरी जोडी द्यावी. तिसरी जोडी न देता एंटर दाबावे. मग शेवटचा प्रश्न येतो :

```
Scale objects based on alignment points? [Yes/No] <N>: N
```

या प्रश्नाचे उत्तर घाईत देऊ नये. समजा, आराखडा काढताना खरेदीखतावरून हद्द 15.03 मीटर धरली होती आणि प्रत्यक्ष मोजणीत ती 15.00 भरली. `Y` दिले तर दोन्ही कोपरे सुरेख जुळतात, कारण ऑटोकॅड सगळा आराखडा 0.998 पटीने आकसवते. 11000 ची दर्शनी भिंत 10978 होते आणि 230 ची वीटभिंत 229.54 होते. मापे चित्राशी जोडलेली असतील तर ही विचित्र संख्या दिसते आणि चूक उघड होते. पण कोणी मापाच्या जागी हाताने आकडा लिहिलेला असेल, तर तिथे 11000 च दिसत राहते, आणि चूक कागदावरून साइटवर पोहोचते. एकदा मंजूर झालेल्या भिंतीची लांबी जागा कमी भरली म्हणून बदलत नाही. म्हणून बंगल्याच्या आराखड्यासाठी उत्तर नेहमी `N`. `Y` चा उपयोग स्कॅनसारख्या, ज्याला स्वतःचे खरे माप नाही अशा चित्रापुरता ठेवावा.

`N` दिल्यावर पहिली जोडी तंतोतंत बसते आणि दुसरी जोडी फक्त दिशा ठरवते. म्हणजे 30 मिलिमीटरचा सगळा फरक ‘ब’ च्या बाजूला जातो : आराखड्यात 2030 असलेले उजवे सामासिक अंतर प्रत्यक्षात 2000 उरते. म्हणून ज्या बाजूला तडजोड करता येत नाही, त्या बाजूचा कोपरा पहिल्या जोडीत द्यावा. फरक दोन्हीकडे निम्मा वाटायचा असेल, तर पहिल्या जोडीत दोन्ही हद्दींचे मध्यबिंदू घ्यावेत आणि दुसऱ्या जोडीत उजवे कोपरे.

बंगला बसल्यावर पडताळणी आकड्यांनी करावी. हद्दीच्या दिशेने प्रत्येक मिलिमीटरला X मध्ये 0.96 आणि Y मध्ये 0.28 पडतात; आत जाताना X मध्ये उणे 0.28 आणि Y मध्ये 0.96. म्हणून डावा पुढचा कोपरा, ‘अ’ पासून 2000 बाजूला आणि 4500 आत, 500660, 304880 येथे आला पाहिजे, आणि दर्शनी भिंतीचे उजवे टोक 511220, 307960 येथे. तेवढ्यापुरते `OSNAPZ` 0 करून `ID` आज्ञा द्यावी आणि दोन्ही कोपरे स्नॅपने पकडावेत. दोन्ही आकडे जुळले तर जागा आणि दिशा बरोबर आहेत. डावा जुळला आणि उजवा चुकला तर दोष कोनात किंवा लांबीत आहे. उजव्या टोकापर्यंतचे अंतर 11000 च असेल, तर दोष कोनात. Z समोर शून्याखेरीज काही दिसले तर उंचीची तयारी राहून गेली आहे.

तिरक्या भिंतीवर नवे माप टाकताना लिनिअर डायमेन्शन वापरले, तर 11000 च्या जागी 10560 दिसते, कारण ते भिंतीची आडवी छाया मोजते. तेव्हा घाबरून आराखडा स्केल करू नये. अलाइन्ड डायमेन्शन वापरावे. तसेच यानंतर एखादी खिडकी किंवा कॉलम तिरक्या भिंतीवर कॉपी करायचा झाला, तर `@` ने अंतर लिहिण्याऐवजी बेस पॉइंट आणि दुसरा बिंदू दोन्ही चित्रातलेच पकडावेत. कॉलमसाठी मूठ म्हणून ग्रिडरेषांचा छेदबिंदू घ्यावा. कॉलमचा कोपरा घेतला तर 230 बाय 450 आणि 230 बाय 600 असे वेगळ्या मापांचे कॉलम असताना केंद्रे रेषेवरून सरकतात.

शेवटी डाव्या आणि मागच्या हद्दीकडे पाहावे. आपण 2000 हे अंतर रस्त्याकडच्या हद्दीला समांतर धरून मोजले. डावी हद्द तिच्याशी काटकोनात असेलच असे नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यापासून डाव्या हद्दीवर परपेंडिक्युलर स्नॅपने `DIST` घ्यावे. हद्द आत झुकत असेल तर तिथे 2000 पेक्षा कमी मिळते. मग सगळा बंगला समोरच्या हद्दीला समांतर तेवढा उजवीकडे न्यावा लागतो : `MOVE` देऊन, ऑर्थो बंद ठेवून, बेस पॉइंट ‘अ’ घ्यावा, मग कर्सर ‘ब’ वर स्नॅप झालेला असताना क्लिक न करता कमी पडलेले अंतर लिहून एंटर द्यावे, म्हणजे सरकण्याची दिशा हद्दीचीच राहते. त्यानंतर त्याच कोपऱ्याचे अंतर पुन्हा मोजावे, कारण हद्द तिरकी असल्यामुळे सरकवलेले अंतर आणि वाढलेले सामासिक अंतर नेमके सारखे येत नाही, आणि काही मिलिमीटरसाठी एक दुसरी लहान मूव्ह लागते.